एक पैसा दोन दिवसांत परत जातो, दुसऱ्याला साडेसहा वर्षं लागतात

ऑक्टोबर २०२४ संपत आला होता. आमच्या सोसायटीतल्या एका काकांनी मला जिन्यातच गाठलं. निवृत्तीनंतरही म्युच्युअल फंडात दरमहा एसआयपी भरणारे आणि पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचणारे हे काका. म्हणाले, "अगं, परदेशी गुंतवणूकदारांनी या महिन्यात हजारो कोटी काढून नेले म्हणे. आणि दुसरीकडे, परकीय गुंतवणुकीत महाराष्ट्र देशात पहिला! यातलं खरं काय? आणि एवढे पैसे गेले तर चाकणचा एकही कारखाना कसा बंद पडला नाही?"

प्रश्न अगदी रास्त आहे. दोन्ही बातम्या खऱ्या होत्या. त्या महिन्यात परदेशी संस्थांनी भारतीय शेअरमधून निव्वळ सुमारे ९४ हजार कोटी रुपये काढले होते. एका महिन्यातला तोवरचा तो सर्वात मोठा आकडा होता. पण तो पैसा एका जातीचा आणि चाकणच्या कारखान्यांतला पैसा दुसऱ्या जातीचा. दोघांना आपण 'परकीय गुंतवणूक' या एकाच नावाने हाक मारतो, तिथेच गोंधळ सुरू होतो.

दहा टक्क्यांची रेघ

परदेशी कंपनी इथे जमीन घेते, शेड उभारते, यंत्रं बसवते, माणसं नेमते, किंवा चालू कंपनीत एवढा मोठा हिस्सा घेते की कारभारात तिचं म्हणणं ऐकावं लागतं. ही झाली थेट परकीय गुंतवणूक, म्हणजे एफडीआय. परदेशातला एखादा फंड शेअर बाजारातून कंपन्यांचे थोडे थोडे शेअर किंवा सरकारी रोखे विकत घेतो, भाव वाढला की विकतो आणि कारभारात लक्ष घालत नाही. ही झाली पोर्टफोलिओ गुंतवणूक, म्हणजे एफपीआय. जुन्या बातम्यांत यांनाच एफआयआय म्हणत.

आपल्या नियमांत या दोघांमध्ये एक सरळ रेघ आहे. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीत परदेशी गुंतवणूकदाराचा वाटा दहा टक्के किंवा जास्त असेल तर ती एफडीआय, त्याहून कमी असेल तर एफपीआय. बाजारात न नोंदलेल्या कंपनीत मात्र एक टक्का घेतला तरी तो एफडीआयच धरला जातो. हे दुसरं वाक्य लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम पडणार आहे.

काकांचं आजोळ नाशिककडचं. म्हणून मी त्यांना द्राक्षबागेचं उदाहरण दिलं. एक माणूस येतो, जमीन घेतो, मांडव उभारतो, ठिबक टाकतो, वेली लावतो आणि पहिलं पीक हाती येईपर्यंत दीड-दोन वर्षं थांबतो. दुसरा हंगामात येतो, माल बघतो, पेट्या उचलतो आणि भाव पडताहेत असं दिसलं की दुसऱ्या तालुक्यात जातो. दोघंही गावात पैसाच आणतात. पण भाव पडले म्हणून पहिल्याला मांडव खांद्यावर टाकून निघता येत नाही.

सोमवारी विकलं, बुधवारी गेलं

पोर्टफोलिओ गुंतवणूकदार बाहेर पडतो म्हणजे नक्की काय करतो ते पाहू. परदेशी फंडाची शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीकडे नोंद असते आणि त्याचे शेअर व पैसे इथल्या एका बँकेकडे सांभाळायला दिलेले असतात. तिला कस्टोडियन म्हणतात. सिंगापूरला किंवा लंडनला बसलेला फंड व्यवस्थापक सोमवारी सकाळी विक्रीचा आदेश देतो. भारतात जानेवारी २०२३ च्या अखेरीपासून सगळ्या शेअरचा व्यवहार लगेच पुढच्या कामकाजाच्या दिवशी पुरा होतो, त्यामुळे मंगळवारी रुपये कस्टोडियनच्या खात्यात येतात. बँक ते रुपये देऊन डॉलर घेते आणि मंगळवारी नाहीतर बुधवारी पैसा देशाबाहेर. कुणाला नोटीस द्यायची नाही, की कुणाची परवानगी घ्यायची नाही.

आणि विकण्याचं कारण भारतात घडलेलं असायलाच हवं असंही नाही. सप्टेंबर २०२४ च्या शेवटी चीन सरकारने आपल्या मरगळलेल्या अर्थव्यवस्थेला उभारी देण्यासाठी मोठ्या उपाययोजना जाहीर केल्या. चिनी शेअर तेव्हा स्वस्त होते, आपले महाग झाले होते आणि कंपन्यांचे नफेही अपेक्षेला उतरत नव्हते. अनेक फंडांनी इथलं विकून तिकडे मोर्चा वळवला. आपल्याकडे ना पूर आला होता, ना सरकार पडलं होतं.

एक फंड पळाला की दुसराही का पळतो

या पैशाचा खरा धोका तो जातो यात नाही. तो सगळा एकाच वेळी जातो, यात आहे. त्यामागे घबराट असते, पण नुसती घबराट नसते, रोकडा हिशेबही असतो.

समजा एका फंडाने १० लाख डॉलर आणले. एक डॉलर ८३.५० रुपये असताना त्याचे ८ कोटी ३५ लाख रुपये झाले आणि त्याने शेअर घेतले. आता बाजार दहा टक्के पडला. हातात उरले ७ कोटी साडेएक्कावन्न लाख. पण त्याला घरी रुपये न्यायचे नाहीत, डॉलर न्यायचे आहेत. आधी पळालेल्या फंडांनी डॉलर घेऊन घेऊन तोवर डॉलर ८७ रुपयांवर नेला असेल, तर याच्या हातात पडतात जेमतेम ८ लाख ६४ हजार डॉलर. शेअर पडला दहा टक्के, नुकसान झालं साडेतेरा टक्क्यांहून जास्त. उशिरा निघणाऱ्याला दोनदा फटका बसतो, एकदा शेअरच्या भावात आणि एकदा रुपयाच्या भावात.

प्रत्येक फंड व्यवस्थापकाला हा हिशेब तोंडपाठ असतो. म्हणून इतर निघताहेत अशी नुसती शंका आली तरी तो आधी निघू पाहतो. त्याच्या निघण्याने रुपया आणखी घसरतो आणि तिसऱ्याची शंका खरी ठरते.

तळेगावच्या शेडची गोष्ट

आता दुसऱ्या जातीचा पैसा. पुण्याहून जुन्या महामार्गाने मुंबईकडे निघालं की तळेगाव लागतं. तिथल्या एमआयडीसीत अमेरिकेच्या जनरल मोटर्सने मोटारींचा कारखाना उभारला आणि तो सुरू झाला सप्टेंबर २००८ मध्ये. म्हणजे लेहमन ब्रदर्स ही अमेरिकी बँक बुडाली आणि जगभर आर्थिक हाहाकार माजला, बरोबर त्याच महिन्यात.

त्या वर्षी पोर्टफोलिओच्या पैशाने काय केलं? २००७-०८ या आर्थिक वर्षात या मार्गाने भारतात निव्वळ सुमारे २७ अब्ज डॉलर आले होते. २००८-०९ मध्ये उलट सुमारे १४ अब्ज बाहेर गेले. फंडांना घरी रोकड हवी होती आणि जे चटकन विकता येईल ते त्यांनी विकलं. भारतीय शेअर चटकन विकता येत होते, हाच त्यांचा दोष ठरला. त्याच वर्षी थेट गुंतवणूक मात्र कमी झाली नाही, उलट वाढली. जमिनीचे पैसे भरलेले, पाया खणलेला, यंत्रांची ऑर्डर गेलेली. अर्ध्यावर सोडून द्यायचं तर आधीचंही पाण्यात जाणार.

तळेगावच्या मालकाचं तर घरच पेटलं होतं. १ जून २००९ रोजी जनरल मोटर्सने अमेरिकेत दिवाळखोरीसाठी अर्ज केला. पैशाची खरी नड याहून मोठी काय असणार? तरीही तळेगाव चालू राहिलं आणि २०१० मध्ये तिथे इंजिनांचा कारखानाही सुरू झाला. भारतावरच्या प्रेमापोटी नव्हे. प्रेसशॉप, रंगशाळा, जुळणीची लाइन यांना बाजारात बटण दाबून गिऱ्हाईक मिळत नाही. आणि मंदीत विकायला काढलं तर भंगाराच्या भावाने जातं. मालकाला सर्वात कमी तोट्याचा मार्ग एकच उरतो, कारखाना चालवत राहायचं.

पुढे कंपनीला भारतातून जायचंच होतं तेव्हा काय झालं, तेही बघण्यासारखं आहे. मे २०१७ मध्ये तिने भारतात गाड्या विकणं बंद करत असल्याचं जाहीर केलं. तरी तळेगावात निर्यातीसाठी गाड्या बनत राहिल्या, त्या मेक्सिकोला जात. उत्पादन थांबलं डिसेंबर २०२० मध्ये. दरम्यान चीनच्या ग्रेट वॉल मोटरशी विक्रीचा करार झाला होता. पण एप्रिल २०२० मध्ये शेजारी देशांतून येणाऱ्या गुंतवणुकीला सरकारची परवानगी सक्तीची झाली, जूनमध्ये गलवान घडलं, परवानगी आली नाही आणि तो करार बारगळला. शेवटी ह्युंदाईने हा कारखाना घेतला. बोलणी मार्च २०२३ मध्ये जाहीर झाली, करार ऑगस्टमध्ये झाला आणि ताबा मिळाला जानेवारी २०२४ मध्ये.

निर्णय ते सुटका, साडेसहा वर्षं. या काळात कुठल्याही एका सकाळी रुपयावर धाड पडली नाही. आणि शेवटी एक परदेशी मालक जाऊन दुसरा आला, शेड मात्र जागच्या जागी. अर्थतज्ज्ञ थेट गुंतवणुकीला 'स्थिर' म्हणतात ते एवढ्याच अर्थाने. मालक निष्ठावान असतो असा त्याचा अर्थ नाही. त्याने जे घेतलंय ते चटकन विकता येत नाही, आणि विकलं तरी ते देशातच राहतं.

"पण आपल्या एसआयपीने बाजार सावरला ना?"

काकांनी हे विचारलं तेव्हा त्यांच्या आवाजात अभिमान होता आणि तो खोटा नव्हता. ऑक्टोबर २०२४ मध्ये परदेशी संस्था विकत होत्या तेव्हा म्युच्युअल फंड, विमा कंपन्या अशा देशी संस्थांनी एक लाख कोटींहून अधिक रुपयांचे शेअर घेतले. एकट्या एसआयपीचे त्या महिन्यात २५ हजार कोटींपेक्षा जास्त आले होते. निफ्टी सहा टक्क्यांच्या आसपास पडला, पण कोसळला नाही. २००८ मध्ये आपल्याकडे एसआयपीची एवढी मोठी ढाल नव्हती.

मात्र ही ढाल अर्धीच आहे. काकांच्या एसआयपीच्या रुपयांनी परदेशी फंडाचा शेअर घेतला, भाव टिकला. पण फंडाला मिळाले रुपये. ते घेऊन तो पुढे डॉलर घ्यायला गेला. ते डॉलर काका देऊ शकत नाहीत. ते निर्यातदारांकडून यावे लागतात, परदेशातल्या नातेवाइकांनी पाठवलेल्या पैशातून यावे लागतात, नाहीतर रिझर्व्ह बँकेला आपल्या गंगाजळीतून विकावे लागतात. सप्टेंबर २०२४ च्या शेवटी ही गंगाजळी सुमारे ७०५ अब्ज डॉलरच्या विक्रमी पातळीवर होती. जानेवारी २०२५ च्या मध्यावर ती ६२५ अब्जांच्या आसपास आली. यातली काही घट युरो-येन वगैरे चलनं डॉलरपुढे स्वस्त झाल्याने नुसती कागदावरची होती, पण रिझर्व्ह बँकेने डॉलर विकले हेही खरं. एवढं करूनही साडेत्र्याऐंशीच्या आसपासचा डॉलर फेब्रुवारीत ८७ च्या पुढे गेलाच.

म्हणजे देशी गुंतवणूकदार शेअरचा भाव सांभाळू शकतो, रुपयाचा नाही. उलट देशी खरेदीदार हजर असला की परदेशी फंडाला चांगल्या भावात निघता येतं, असंही म्हणता येईल. आणि घसरलेल्या रुपयाचा भार एसआयपी नसलेल्यांवरही पडतो, कारण आपलं बहुतेक कच्चं तेल आणि निम्म्याहून अधिक खाद्यतेल बाहेरून येतं.

"कारखानेवालेही पैसे नेतातच की"

हा आक्षेप सर्वात वजनदार आहे आणि त्याला मान द्यायला हवा. गंमत अशी, की त्याचा पुरावा त्याच ऑक्टोबर २०२४ मध्ये सापडतो आणि त्याच कंपनीत, जिने नऊ महिन्यांपूर्वी तळेगावचा ताबा घेतला होता. ह्युंदाईच्या कोरियातल्या मूळ कंपनीने भारतीय कंपनीतला साडेसतरा टक्के हिस्सा आयपीओतून, म्हणजे कंपनीचे शेअर पहिल्यांदाच बाजारात आणून, विकला आणि सुमारे २७,८७० कोटी रुपये मिळवले. नवे शेअर काढले नव्हते, जुनेच विकले होते. त्यामुळे यातला एक रुपयाही भारतीय कंपनीच्या तिजोरीत आला नाही, सगळा मूळ मालकाकडे गेला. देशाच्या जमाखर्चात ही झाली थेट गुंतवणुकीची माघार.

तरी फरक पाहा. ह्युंदाईचा चेन्नईजवळचा कारखाना त्यामुळे एक दिवसही थांबला नाही, तळेगावचं कामही चालू राहिलं, साडेब्याऐंशी टक्के मालकी कोरियाकडेच राहिली. विक्रीही शेअरचे भाव अजून चढे असताना झाली, संकटात नाही. थेट गुंतवणूकदार बहुधा चांगल्या दिवसांत नफा उचलतो, कारण तेव्हाच त्याला गिऱ्हाईक मिळतं. पोर्टफोलिओवाला नेमका वाईट दिवसांत निघतो. देशाला पैशाची चणचण असताना कोण काय करतो, यावरच स्थिरता ठरते. विकलेल्या शेअरपैकी काही परदेशी फंडांनीच घेतले. कारखाना तोच, मालकीचा तो तुकडा फक्त एका वहीतून दुसऱ्या वहीत गेला.

मात्र आता सुरुवातीचं ते दुसरं वाक्य आठवा. न नोंदलेल्या कंपनीत एक टक्का घेतला तरी तो एफडीआय. स्टार्टअपमध्ये पैसे घालणारे व्हेंचर कॅपिटल आणि प्रायव्हेट इक्विटी फंड या दारातून येतात. ते मांडव उभारत नाहीत. पाच-सात वर्षांत आयपीओ आला की विकून जायचं, हे त्यांनी येतानाच ठरवलेलं असतं. कागदावर बागायतदार, स्वभावाने व्यापारी. माझ्या मते गेल्या काही वर्षांत आपल्या एफडीआयच्या आकड्यांनी सर्वात जास्त दिशाभूल इथे केली आहे.

२०२४-२५ या वर्षाचंच घ्या. देशात आलेली एकूण एफडीआय ८१ अब्ज डॉलर, हा आकडा मोठ्या मथळ्यांत आला. त्याच वर्षी जुन्या गुंतवणूकदारांनी हिस्से विकून आणि भांडवल परत नेऊन ५१ अब्जांहून जास्त बाहेर काढले. भारतीय कंपन्यांनीही परदेशांत भरपूर गुंतवलं. सगळी वजाबाकी होऊन रिझर्व्ह बँकेच्या पहिल्या आकड्यांनुसार निव्वळ एफडीआय उरली अर्ध्या अब्जाहूनही कमी. शिवाय त्या ८१ अब्जांत इथेच कमावलेला आणि इथेच पुन्हा लावलेला नफाही धरलेला असतो. तो चांगलाच आहे, पण त्यासाठी सीमेवरून एकही नवा डॉलर आलेला नसतो.

परदेशी गुंतवणूकदाराला सहज येता-जाता येतं हे परिपक्व बाजाराचं लक्षण आहे, असं रिझर्व्ह बँकेचं म्हणणं पडलं. त्यात तथ्य आहे. जायला वाट नसेल तर यायला कुणी धजावणार नाही. पण जाणाऱ्यांची जागा घेणारे नवे मांडववाले तितक्या संख्येने येत नसतील, तर 'स्थिर पैसा' या शब्दावर फार विसंबता येणार नाही. म्हणून पुढच्या वेळी एफडीआयचा मथळा दिसला की आकडा एकूण आहे की निव्वळ, आणि त्यात नव्या कारखान्यांचा पैसा किती, हे दोन प्रश्न काकांनी स्वतःलाच विचारावेत.

मग शेअर बाजारातला पैसा नकोच का?

तसं मुळीच नाही. आपल्या कंपन्यांना भांडवल उभारता येतं, शेअरला भाव मिळतो, कारखाना काढणाऱ्या परदेशी मालकाला पुढे आयपीओ आणता येतो, हे सगळं या खेळत्या पैशामुळे. त्याच्यावर देशाची रोजची डॉलरची गरज भागवायची सवय लावून घेतली तर मात्र पंचाईत होते. आपली आयात निर्यातीहून जास्त आहे आणि सेवा, परदेशातून येणारे पैसे सगळं धरूनही बहुतेक वर्षी थोडी तूट उरतेच. ती तूट थेट गुंतवणुकीने भरून निघाली तर बाकीचा पैसा आला-गेला तरी फार बिघडत नाही. पोर्टफोलिओने भरायची वेळ आली, तर चीनने काय जाहीर केलं आणि अमेरिकेत व्याज किती झालं, यावर आपल्या पेट्रोलचा हिशेब डोलायला लागतो.

काकांनी निघताना एक प्रश्न विचारला, आणि त्याचं गोड उत्तर माझ्याकडे नव्हतं. "तळेगावची शेड राहिली म्हणतेस. तिथल्या पोरांचं काय झालं?" उत्पादन थांबल्यावर तिथल्या कायम कामगारांचा लढा वर्षानुवर्षं चालला, कोर्टापर्यंत गेला. देशाच्या वहीत ती गुंतवणूक स्थिर होती. शेड राहिली, यंत्रं राहिली, २०२५ मध्ये त्याच जागेतून ह्युंदाईच्या गाड्या बाहेर पडू लागल्या. पण २०२० च्या डिसेंबरात ज्यांची पाळी शेवटची ठरली, त्यांच्या घरच्या हिशेबात ती स्थिरता आली नव्हती.